नवीन प्रॉपर्टी एजंटने स्वतःची प्रोफाइल कशी लिहावी: एरिया, झालेले व्यवहार आणि फुगवून न सांगता कामाचं बोलणं

गेल्या काही वर्षांत पुण्यात खूप नवीन पोरं-पोरी या लाईनीत आलेत, कुणी आयटी सोडून, कुणी बँकेच्या लोन डिपार्टमेंटमधून, कुणी घरी बसून भाड्याच्या फ्लॅटपासून सुरुवात करतंय. सगळ्यांना पहिल्या महिन्यातच एक प्रोफाइल लागते, पोर्टलवर टाकायला, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर, गूगलच्या नकाशावर, आणि मग दुसऱ्या कुणाचीतरी बघून तीच कॉपी होते. "संपूर्ण पुणे, पिंपरी-चिंचवड. ५००+ समाधानी ग्राहक. नंबर वन. विश्वासाचं दुसरं नाव." वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि मुख्य म्हणजे यातलं काहीच तपासता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोफाइलमधलं प्रत्येक वाक्य असं हवं की समोरच्याने "दाखवा" म्हटलं तर तुम्ही दाखवू शकाल. तसं लिहायचं कसं ते खाली क्रमाने सांगतो. उदाहरणं कोथरूड-कर्वेनगर बाजूची घेतलीत कारण तो भाग मला माहीत आहे, तुम्ही ठाण्यात असाल किंवा नाशिकला, पद्धत तीच राहते.

आधी नंबर, मग बाकी सगळं

रेरा कायदा २०१६ चा, आणि पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्यातलं कलम ९ सरळ सांगतं की रजिस्टर्ड प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला-घ्यायला मदत करायची तर एजंटने स्वतः रजिस्टर व्हायला पाहिजे. "मी एजंट नाही, मी फक्त ओळख करून देतो" हे चालत नाही, व्याख्येत ब्रोकर, डीलर, मध्यस्थ, नाव काहीही असो, सगळे येतात. नुसतं भाड्याचं काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी, कायदा खरेदी-विक्रीबद्दल बोलतो, पण ज्या दिवशी तुम्ही एका नवीन प्रोजेक्टचं एक बुकिंग करून द्याल त्या दिवशी तुमच्याकडे नंबर असायला हवा. नसेल तर दंड रोजचा दहा हजार आणि तो वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात आता आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र आणि त्यानंतर रजिस्ट्रेशन असा रस्ता आहे, आणि रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी असतं.

प्रोफाइलमध्ये हा नंबर सगळ्यात वर टाका, पूर्ण टाका. एजंटचा नंबर A ने सुरू होतो आणि त्यापुढे बरेच आकडे असतात. अर्धा नंबर टाकून "रेरा रजिस्टर्ड" लिहिण्यात काही अर्थ नाही कारण मग लोकांना maharera.maharashtra.gov.in वर तो शोधता येत नाही. जाहिरातीत आणि खरेदी-विक्रीच्या कागदांवर रजिस्ट्रेशन नंबर लिहिणं एजंटला नियमानेच बंधनकारक आहे, आणि तुमची प्रोफाइल ही जाहिरातच आहे, त्यामुळे हा ऐच्छिक भाग नाहीच.

इथे दोन बारीक गोष्टी. एक म्हणजे नाव. रजिस्ट्रेशन तुमच्या स्वतःच्या नावावर आहे आणि प्रोफाइल मात्र "अमुक प्रॉपर्टीज" नावाने, असं खूप दिसतं, मग माणूस साइटवर "अमुक प्रॉपर्टीज" शोधतो, काही सापडत नाही, आणि त्याला वाटतं हा खोटा आहे. दुकानाचं नाव ठेवा पण शेजारी ज्या नावाने रजिस्ट्रेशन आहे ते नाव लिहा. दुसरी गोष्ट म्हणजे "रेरा अप्रूव्हड एजंट", "सरकारमान्य एजंट", "महारेरा प्रमाणित विश्वासू" हे शब्द टाळा. रजिस्ट्रेशन म्हणजे नोंदणी झालीये, तुम्ही चांगले आहात असं महारेराने कुठेही म्हटलेलं नाही. कलम १० मध्ये एजंटने काय करायचं नाही त्याची यादी आहे आणि त्यात नसलेली मान्यता असल्याचं भासवणं हे स्पष्ट लिहिलंय. "महारेरा नोंदणी क्रमांक" आणि पुढे नंबर, बास.

एरिया: पुणे नाही, कॉलनी लिहा

नवीन माणसाला भीती वाटते की छोटा एरिया लिहिला तर कॉल कमी येतील. येतील कमी, पण जे येतात ते कामाचे येतात. खराडीचा कॉल घेऊन तुम्ही कोथरूडहून गाडी काढता, तिथल्या एजंटकडून चावी मागता, तो अर्धं ब्रोकरेज मागतो, आणि क्लायंटने विचारलं की या सोसायटीत पाणी कसं आहे तर तुम्ही वॉचमनकडे बघता. अशा तीन व्हिजिटनंतर क्लायंटलाही कळतं.

एरिया ठरवायचा माझा नियम असा की ज्या भागातल्या निदान तीन बिल्डिंगमध्ये तुम्ही स्वतः व्यवहार केलाय किंवा इतक्या वेळा गेलाय की खालचे प्रश्न तुम्हाला फोनवर विचारले तरी उत्तर येईल, तोच भाग लिहायचा. लिफ्ट आहे का आणि पॉवर गेली तर चालते का, उन्हाळ्यात टँकर मागवतात का, कव्हर्ड पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी ठरलेलं, आणि ही सोसायटी आहे की अपार्टमेंट. हा शेवटचा प्रश्न कोथरूडमध्ये फार महत्त्वाचा. इथल्या जुन्या बिल्डिंगांपैकी बऱ्याच १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं, आणि नवीन एजंट आरामात क्लायंटला "शेअर सर्टिफिकेट मिळेल" असं सांगून मोकळा होतो. मग बँकेचा वकील कागद मागतो आणि पंधरा दिवस जातात.

लिहिताना "कोथरूड" एवढंच लिहू नका कारण कोथरूड म्हणजे डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, वनाज, शास्त्रीनगर, भुसारी कॉलनी हे सगळंच, आणि यातल्या प्रत्येकाचा भाव, गर्दी, बिल्डिंगांचं वय वेगळं. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाल्यापासून लोक "आयडियल कॉलनी स्टेशनपासून चालत" असा शोध घेऊन येतात, तेव्हा कॉलनीचं नाव असेल तर तुम्ही त्यांना सापडता.

आणि ते "कोथरूड अ‍ॅनेक्स" प्रकरण. बावधन, शिवणे, अगदी त्याच्याही पुढचं, सगळ्याला अ‍ॅनेक्स म्हणायची बिल्डर लोकांची जुनी सवय. ती तुम्ही उचलू नका, जागेचं खरं नाव लिहा. यात नुसतं भावनेचं काही नाही. शिवणे-उत्तमनगर महापालिकेत आलं २०१७ ला, बावधन बुद्रुक आलं २०२१ ला, आणि शेजारचं बावधन खुर्द मात्र आधीपासून महापालिकेत. पाण्याची लाईन, रस्ते, मिळकतकराचे कागद, जुनी बांधकाम परवानगी कुणी दिली हे सगळं त्यावर अवलंबून असतं. ज्याने प्रोफाइलवर "बावधन खुर्द आणि बुद्रुक" असं वेगळं लिहिलंय त्या एजंटला हा फरक माहीत असणार, एवढं जाणता गिऱ्हाईक लगेच ओळखतो.

"मेट्रोपासून ५ मिनिटं", "चांदणी चौक २ मिनिटं" असली वाक्यं प्रोफाइलमध्ये नकोतच, ती लिस्टिंगमध्ये टाका आणि तिथेही मिनिटांऐवजी अंतर लिहा. संध्याकाळी सहाला पौड रोडवर पाच मिनिटं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

व्यवहार मोजायची वही

आता मुख्य भाग, आणि इथेच सगळ्यात जास्त फुगवाफुगवी होते. खोटं बोलायचं म्हणून नेहमी होते असं नाही, बऱ्याच जणांनी कधी नीट मोजलेलंच नसतं. "किती डील केल्या असतील रे? पन्नास तरी असतील." झालं, ५०+ लिहिलं.

म्हणून आधी एक वही करा किंवा एक्सेल, जे जमेल ते. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ. तारीख, कॉलनी, प्रकार म्हणजे भाडं, रीसेल की नवीन बुकिंग, तुम्ही कुणाच्या बाजूने होता, दुसरा एजंट होता का, नोकरीत असताना केला की स्वतःचा, आणि शेवटी दस्त नंबर आणि तारीख. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण व्यवहार झाला हे ठरवायचं कधी, तर दस्त नोंदला तेव्हा. टोकन घेतलं तेव्हा नाही, पेढे वाटले तेव्हा पण नाही. रीसेल आणि नवीन फ्लॅटला इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा निघतो, भाड्याच्या लिव्ह अँड लायसन्सलाही नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि ती ऑनलाइन होते, म्हणजे त्याचाही नंबर असतोच. तसंही कलम १० प्रमाणे एजंटने हिशोबाच्या वह्या आणि कागद ठेवायचेच असतात, त्यामुळे हे जास्तीचं काम नाही.

समजा एक मुलगा आहे, २०२१ ते २०२३ एका एजंटच्या ऑफिसात नोकरीला होता, २०२४ पासून स्वतःचं काम करतो, रजिस्ट्रेशनही तेव्हाच घेतलं. वही लिहून काढल्यावर त्याच्याकडे ५२ ओळी निघाल्या. त्याचं मन म्हणतं "५०+ यशस्वी व्यवहार" लिही. आता आपण त्या ५२ ओळी सोडवून बघू.

भाड्याच्या ३४ ओळी. पण त्यात १२ वेळा तोच भाडेकरू, तोच फ्लॅट, अकरा महिने झाले म्हणून करार पुन्हा केला. ते काम आहे, त्याचे पैसेही मिळतात, पण ते नवीन घर शोधून देणं नाही. ते बाजूला काढले तर नवीन भाडी उरली २२, त्यातली १३ नोकरीत असतानाची आणि ९ स्वतःची.

रीसेलच्या ११ ओळी. त्यातले २ टोकननंतर मोडले, एका ठिकाणी खरेदीदाराचं लोन झालं नाही आणि एका ठिकाणी मालकाच्या भावाने हरकत घेतली. उरले ९. चार नोकरीतले, पाच स्वतःचे. या पाचात २ साइड बाय साइड होते, म्हणजे विकणाऱ्याकडून दुसरा एजंट आणि घेणाऱ्याकडून हा, दोघांनी आपापल्या माणसाकडून ब्रोकरेज घेतलं. हे मोजायला काही हरकत नाही, फक्त "खरेदीदाराच्या बाजूने" असं लिहायचं, "मी फ्लॅट विकला" असं नाही, कारण तो दुसऱ्याने विकलाय आणि तोही त्याच्या वहीत लिहिणार.

नवीन बुकिंगच्या ७ ओळी, सगळ्या २०२४ नंतरच्या. एक कॅन्सल झालं. एकाचं बुकिंग झालंय पण अ‍ॅग्रीमेंट अजून रजिस्टर व्हायचंय, तो धरायचा नाही, दस्त झाला की धरू. उरले ५.

म्हणजे स्वतःचे पूर्ण झालेले व्यवहार ९ अधिक ५ अधिक ५, एकूण १९. नोकरीतले १३ अधिक ४, एकूण १७. त्याशिवाय भाडेकराराची नूतनीकरणं १२. मोडलेले तीन आणि एक चालू. ५२ चा हिशोब लागला, आणि त्यातून लिहिण्यासारखा आकडा निघाला १९. पोराचा चेहरा पडतो इथे, पण बघा की १९ चं पुढे काय करता येतं.

नोकरीतल्या १७ चं काय? ते लिहा, पण वेगळे लिहा. "त्याआधी कोथरूडमधल्या एका एजंटच्या ऑफिसात नोकरीला असताना १७ व्यवहारांवर काम केलं." ऑफिसचं नाव टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा, काही लोकांना ते आवडत नाही आणि त्यांचे क्लायंट त्यांचेच असतात. जुन्या ऑफिसचे ५०० व्यवहार स्वतःच्या नावावर लिहिणं हा प्रकार मात्र फार बघितलाय, आणि तो पकडला जातो कारण या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

"१०० कोटींचे व्यवहार" हा दुसरा लाडका आकडा. माझं मत विचाराल तर एकूण रक्कम लिहूच नका. तीन महाग फ्लॅट झाले की रक्कम मोठी दिसते आणि त्यातून पन्नास लाखवाल्या गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा रेंज लिहा, रीसेल कुठल्या किमतीपासून कुठल्या किमतीपर्यंत केले, भाडं साधारण कितीपासून किती. आणि रक्कम तीच धरा जी अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे, तोंडी ठरलेली नाही.

"समाधानी ग्राहक" मोजता येत नाही म्हणून ते सोडा. "टक्के यश" पण सोडा, कशाचे टक्के हेच कुणाला माहीत नसतं.

एक गोष्ट आणखी, वहीतले पत्ते एरियाच्या यादीशी जुळवून बघा. या मुलाच्या १९ आणि १७ मिळून ३६ व्यवहारांत कोथरूडचे १७, कर्वेनगरचे ११, वारज्याचे ५, बावधनचे २ आणि बाणेरचा १ निघाला. म्हणजे कोथरूड आणि कर्वेनगर हा त्याचा एरिया, वारजे लिहायला हरकत नाही, बावधन अजून दोन-तीन व्यवहार होऊ द्यावेत, आणि बाणेर लिहायचंच नाही, तो मावसभावाचा फ्लॅट होता. गिऱ्हाईकाने बावधनचं विचारलं तर सरळ सांगावं की तिथे ओळखीचा एजंट आहे, जोडून देतो.

प्रामाणिकपणा लिहायचा कसा

"प्रामाणिक, पारदर्शक, विश्वासू" हे तीन शब्द प्रत्येक प्रोफाइलवर आहेत, फसवणाऱ्याच्या पण. त्यामुळे ते लिहून काही फरक पडत नाही. त्याऐवजी तुम्ही पैसे कसे घेता आणि काय करत नाही ते लिहा, त्यातून माणूस आपोआप समजून जातो.

सगळ्यात पहिले ब्रोकरेज. किती आणि कधी ते स्पष्ट लिहा. पुण्यात भाड्याला साधारण एक महिन्याचं भाडं आणि रीसेलला १ ते २ टक्के असं चालतं, पण तो काही कायद्याने ठरलेला दर नाही, तुमचा दर तुम्ही लिहायचा. त्यावर जीएसटी लागतो का तेही लिहा, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी घेतली नसेल तर लागत नाही, असेल तर १८ टक्के वर येतो, आणि ही गोष्ट शेवटच्या दिवशी सांगितली की भांडण ठरलेलं. रीसेलला अर्धं अ‍ॅग्रीमेंटला आणि अर्धं ताब्याला घेत असाल तर तसं लिहा.

मग दोन्ही बाजूंचा प्रश्न. एकाच व्यवहारात मालकाकडूनही घेता आणि घेणाऱ्याकडूनही घेता का? घेत असाल तर घ्या, खूप जण घेतात, पण "दोन्हीकडून घेत असेन तर दोघांना आधी सांगतो" एवढं वाक्य प्रोफाइलवर पाहिजे, आणि मग ते पाळायला पाहिजे. नवीन प्रोजेक्टमध्ये तर हे जास्तच, कारण तिथे चॅनल पार्टनर म्हणून तुम्हाला बिल्डर पैसे देतो. "ग्राहकाकडून शून्य ब्रोकरेज" असं नुसतं लिहिलं की वाटतं तुम्ही समाजसेवा करताय. "नवीन प्रोजेक्टमध्ये माझं कमिशन बिल्डर देतो, तुमच्याकडून घेत नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं तुम्ही कुणाकडून बोलताय.

टोकन कुणाच्या खात्यात जातं हे लिहा. माझ्या मते नवीन एजंटने टोकन स्वतःच्या खात्यात घेऊच नये, थेट मालकाच्या खात्यात, आणि त्याआधी इंडेक्स टू वरचं नाव आणि खात्याचं नाव एक आहे का ते बघायचं. "टोकन थेट मालकाच्या खात्यात" या चार शब्दांनी जेवढा विश्वास बसतो तेवढा "विश्वासाचं दुसरं नाव" लिहून बसत नाही.

आणि काय करत नाही तेही. टायटल सर्च हे वकिलाचं काम, एजंटचं नाही, तर तसं लिहा. "क्लिअर टायटलची गॅरंटी" असं लिहिलंत तर उद्या काही निघालं की ती ओळ तुमच्यासमोरच धरली जाईल. "लोन गॅरंटीने" लिहू नका, लोन बँक देते. "दोन वर्षांत डबल" लिहू नका, भाव काय होतील हे कुणालाच माहीत नाही. आणि एक शब्द तर अजिबात नको, प्री-लाँच. महारेरा नंबर मिळायच्या आधी प्रोजेक्टची जाहिरात किंवा बुकिंग करताच येत नाही, आणि नंबर नसलेल्या अशा प्रोजेक्टची विक्री एजंटने करायची नाही असं कलम १० म्हणतं. आपल्याच प्रोफाइलवर "प्री-लाँच डील्स स्पेशालिस्ट" लिहिणं म्हणजे तक्रार करणाऱ्याला पुरावा आयता देणं आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठ फ्लॅटपर्यंतचं बांधकाम याला रजिस्ट्रेशनची गरज नसते, असा प्रोजेक्ट विकत असाल तर त्याला नंबर का नाही ते लोकांनी विचारायच्या आधीच सांगा.

क्षेत्रफळ नेहमी कार्पेट सांगता असं लिहायचं असेल तर आधी तुम्ही खरंच तसं करता का बघा. जुन्या रीसेल फ्लॅटच्या कागदांवर बिल्टअप असतं, कार्पेट मोजावं लागतं, टेप घेऊन. ज्याने मोजलं नाही त्याने "कार्पेट अंदाजे" म्हणावं.

आता लिहू

त्या मुलाने आधी जे लिहिलं होतं ते असं असतं बघा: "पुण्यातील अग्रगण्य प्रॉपर्टी कन्सल्टंट. संपूर्ण पुणे व पीएमआरडीए. ५०+ यशस्वी व्यवहार. रेरा अप्रूव्हड. बेस्ट डील गॅरंटी. पारदर्शक व्यवहार हीच आमची ओळख."

आणि वही सोडवल्यानंतर हे:

"कोथरूडमध्ये (डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, वनाज) आणि कर्वेनगरमध्ये रोज काम करतो, वारज्यातही काही व्यवहार केलेत. २०२४ पासून स्वतःचे १९ नोंदणीकृत व्यवहार झाले: ९ भाड्याचे, ५ रीसेल (त्यातले २ फक्त खरेदीदाराच्या बाजूने), ५ नवीन प्रोजेक्टमधले. त्याआधी कोथरूडमधल्या एका एजंटच्या ऑफिसात नोकरीत १७ व्यवहारांवर काम केलं. भाड्याला एक महिन्याचं भाडं, रीसेलला १ टक्का, जीएसटी नाही. नवीन प्रोजेक्टमध्ये कमिशन बिल्डर देतो. दोन्ही बाजूंकडून घेत असेन तर दोघांना आधी सांगतो. टोकन थेट मालकाच्या खात्यात. इंडेक्स टू, सोसायटी की अपार्टमेंट, थकबाकी, मालकाचं लोन हे टोकनआधी बघून सांगतो, टायटल सर्चसाठी तुमचा वकील ठेवा. महारेरा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचं नाव वर दिलंय. आकडे अमुक महिन्यापर्यंतचे."

एवढंच. यात त्याने स्वतःची स्तुती कुठेच केलेली नाही आणि तरी डहाणूकरमध्ये टू बीएचके शोधणाऱ्याला पाहिजे ते सगळं मिळालं. "फक्त १९?" असं कुणी फोनवर विचारलंच तर उत्तर सोपं आहे, हो, दोन वर्षं झालीत स्वतःचं सुरू करून, कुठले ते सांगू का. इथे वही उघडायची, कॉलनी आणि महिना सांगायचा. मालकाचं नाव, फ्लॅट नंबर, किंमत सांगायची नाही. दस्त सरकारी नोंदीत शोधता येतात म्हणून तुम्ही लोकांची माहिती वाटत फिरावं असं नाही. कुणी रेफरन्स मागितला तर आधी त्या जुन्या क्लायंटला फोन, "काका, एक जण तुमच्याशी बोलू का विचारतोय, चालेल का?", आणि हो म्हटल्यावरच नंबर द्यायचा. सगळेच हो म्हणत नाहीत, दोन-तीन जण म्हणतात, तेवढे पुरतात.

अभिप्राय टाकायचे तर लिहून घेतलेले, परवानगीने, आणि जसेच्या तसे. स्वतः लिहून क्लायंटच्या नावाने टाकलेले अभिप्राय लगेच कळतात, सगळ्यांची भाषा एकच असते आणि सगळ्यांना तुमचा स्वभाव फार आवडलेला असतो. फोटोही स्वतः काढलेलेच, दुसऱ्याच्या लिस्टिंगवरून उचललेला हॉल कोपऱ्यातल्या वॉटरमार्कसकट टाकणारे लोक आहेत अजून.

नंतरची देखभाल

दर तीन महिन्यांनी वहीवरून आकडा बदला आणि शेवटची तारीख बदला. तारीख नसलेला आकडा किती जुना आहे ते कुणाला कळत नाही. बावधनचे व्यवहार वाढले तर बावधन लिहा, वारज्यात वर्षभर काहीच झालं नाही तर वारजे काढा, काढायला लोक फार कचरतात. एखादा दस्त नोंदल्यानंतर रद्द झाला तर तो आकड्यातून वजा करा. दर बदलला तर प्रोफाइलवर आधी बदला आणि मग नवीन क्लायंटला सांगा, चालू असलेल्या क्लायंटला जुनाच दर. महारेरा रजिस्ट्रेशनची मुदत कधी संपते ते मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीच्या तारखेला टाकून ठेवा कारण नूतनीकरणाला वेळ लागतो, आणि मुदत संपलेला नंबर प्रोफाइलवर तसाच राहिला तर महारेराच्या साइटवर तो शोधणाऱ्याला पहिले तेच दिसतं. प्रोफाइल चार ठिकाणी टाकली असेल तर चारही ठिकाणी बदला, नाहीतर पोर्टलवर १९, गूगलवर ५०+ आणि व्हिजिटिंग कार्डवर २००+ असं होतं. कार्ड कमीच छापा, शंभर, आणि त्यावर व्यवहारांचा आकडा टाकूच नका, नाव, नंबर, महारेरा क्रमांक आणि दोन कॉलन्या पुरे.